दोन बाळंतपणांतील अंतर: आईचा पोषणसाठा पुन्हा भरेपर्यंत काय करावे

बाळ सहा-सात महिन्यांचे झाले, आई हिंडू-फिरू लागली, रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिनही ठीक आले की "आता दुसऱ्याचाही विचार करून टाका, दोन्ही एकदमच मोठी होतील" असे घरात बोलले जाते. सल्ला मायेने दिलेला असतो, पण त्यामागे एक समज असतो की बाई चालती-फिरती झाली म्हणजे तिचे शरीर भरून आले. प्रत्यक्षात रक्तातील हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले सुधारल्यावर दुसरा भरायला आणखी काही महिने लागतात. हा लेख मुख्यतः त्या काही महिन्यांबद्दल आहे.

अंतर कसे मोजायचे

आधी मोजणीतला गोंधळ दूर करू. वैद्यकीय शिफारशींमधले अंतर बहुतेक वेळा पहिल्या बाळाच्या जन्मापासून पुढचा गर्भ राहीपर्यंत मोजतात, दोन मुलांच्या वयातील फरक म्हणून मोजत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये जिनिव्हा येथे तज्ज्ञांची सल्लामसलत घडवून आणली. जिवंत बाळ जन्मल्यानंतर पुढच्या गर्भधारणेचा प्रयत्न करण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी तिची शिफारस आहे. म्हणजे दोन मुलांच्या वयात साधारण पावणेतीन वर्षांचे अंतर पडते.

धोका एका ठराविक तारखेला संपतो असे मात्र नाही. सहा महिन्यांच्या आत दिवस गेले तर तो सर्वांत ठळक असतो, अठरा महिन्यांपर्यंत तो कमी होत जातो आणि त्यापुढे फारसा फरक उरत नाही. २००६ मध्ये अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सहा महिन्यांपेक्षा कमी अंतर असलेल्या गर्भारपणांत अकाली प्रसूतीची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी आणि कमी वजनाचे बाळ जन्मण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळली. पुढे काही संशोधकांनी एकाच आईच्या निरनिराळ्या गर्भारपणांची तुलना केली, तेव्हा हा फरक बराच कमी भरला. लवकर पुन्हा दिवस जाणाऱ्या स्त्रियांमध्ये गरिबी, कमी वय आणि तपासणीचा अभावही अधिक असतो आणि जोखमीचा काही भाग त्यातून येतो, असा याचा अर्थ. माझ्या मते आपल्याकडच्या वाचकांनी या दुसऱ्या निष्कर्षावर विसंबून निर्धास्त होऊ नये, कारण तशी तुलना प्रामुख्याने सुपोषित, संपन्न समाजांत झाली आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथे साठा मुळातच रिकामा असताना पहिले गर्भारपण सुरू होते.

पहिली पायरी: काय खर्च झाले ते समजून घेणे

एका गर्भारपणाला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले साधारण ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार घेऊन जातात, जवळपास ५०० आईचे वाढलेले रक्त तयार करण्यात जातात आणि उरलेले रोजच्या झिजेत संपतात. बाळंतपणानंतर वाढलेले रक्त कमी होते आणि त्यातले बरेचसे लोह साठ्यात परत येते. जे रक्त प्रसूतीच्या वेळी वाहून जाते, त्यातले मात्र परत येत नाही. हिमोग्लोबिन १० असलेल्या स्त्रीचे ५०० मिलिलिटर रक्त गेले, तर सुमारे १७० मिलिग्रॅम लोह गेले. सिझरमध्ये रक्तस्राव साधारणतः याहून जास्त होतो.

फोलेट या ब-गटातील जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी आहे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात ते घटू लागते आणि प्रसूतीनंतरही अनेक महिने कमी राहू शकते, कारण आईच्या शरीरात कमतरता असली तरी दुधातील फोलेटचे प्रमाण शरीर टिकवून धरते. बाळाला मिळते, आईचे उरत नाही. पुढचा गर्भ राहिला की त्याच्या मेंदूची व मज्जारज्जूची नलिका पहिल्या २८ दिवसांतच मिटते, म्हणजे बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळण्याच्या सुमारास. अंगावर पाजताना पाळी आलेलीच नसेल तर ते आणखी उशिरा कळते. म्हणून फोलेट आधीपासून पुरेसे असावे लागते.

कॅल्शियमबाबत शरीर बऱ्यापैकी सांभाळून घेते. अंगावर पाजताना रोज सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम दुधातून जाते आणि पहिल्या सहा महिन्यांत आईच्या हाडांची घनता काही टक्क्यांनी उतरते. पाजणे कमी होऊन थांबले की पुढच्या सहा ते बारा महिन्यांत ती बहुधा पूर्ववत होते. हे भरून येण्याचे महिने पुढच्या गर्भारपणाने खाल्ले तर हाडांना ती सवड मिळत नाही.

अंगावर पाजल्याने आईचे रक्त आटते, हा समज लोहाच्या बाबतीत बरोबर नाही. दुधातून रोज जेमतेम ०.३ मिलिग्रॅम लोह जाते आणि पाळी बंद असल्यामुळे त्याहून अधिक वाचते. पाजणे चालू ठेवणे हे साठा भरण्याच्या बाजूचेच आहे.

दुसरी पायरी: सहाव्या आठवड्याची तपासणी

बाळाच्या दीड महिन्याच्या लसीसाठी आई आरोग्य केंद्रात जातेच. त्याच दिवशी स्वतःचे रक्त तपासून घ्यावे. तोपर्यंत गर्भारपणातले जादा पाणी शरीरातून गेलेले असते आणि आकडा खरा येतो. गर्भवतीसाठी ११ च्या खाली रक्तक्षय धरतात, पण बाळंतपणानंतर ती मर्यादा पुन्हा १२ होते. "माझे साडेअकरा आहे, म्हणजे चांगले आहे" असे समजणाऱ्या अनेक आया प्रत्यक्षात सौम्य रक्तक्षयात असतात.

शक्य असेल तर हिमोग्लोबिनसोबत सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन आणि ब-१२ या तपासण्या कराव्यात. फेरिटिन साठ्याची कल्पना देते. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे, आणि अनेक डॉक्टर ३० च्या खालीही कमतरता धरतात. ताप, टाक्यांचा किंवा स्तनांचा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून दुखणे बरे झाल्यावरच ते करावे.

ब-१२ कडे विशेष लक्ष द्यायला आपल्याकडे सबळ कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात गर्भवतींपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींमध्ये ब-१२ कमी आढळले. ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये पुढे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. म्हणून शाकाहारी किंवा क्वचितच अंडी-मासे खाणाऱ्या आईने केवळ फोलिक आम्लावर, म्हणजे गोळीतल्या फोलेटवर, थांबू नये; ब-१२ तपासून कमी असल्यास त्याचाही उपचार घ्यावा.

तिसरी पायरी: लोह भरणे, हिशेबासकट

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. आई २४ वर्षांची, वजन ४८ किलो, पहिले बाळंतपण नैसर्गिक. सहाव्या आठवड्याला हिमोग्लोबिन ९.४ आणि फेरिटिन ८. हिमोग्लोबिन १२ पर्यंत न्यायला किती लोह लागेल, यासाठी डॉक्टर एक साधे सूत्र वापरतात: वजन, गुणिले हिमोग्लोबिनची तूट, गुणिले २.४. इथे तूट २.६ आहे, म्हणून उत्तर सुमारे ३०० मिलिग्रॅम येते. हे फक्त रक्तासाठी झाले. साठ्यासाठी आणखी किमान ३०० मिलिग्रॅम धरावे लागतात. एकूण ६००.

शासनाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. त्यातले सगळे लोह रक्तात जात नाही. जेवणाच्या आसपास घेतलेल्या गोळीतून साधारण ५ मिलिग्रॅम शोषले जातात असे धरू, आणि रोजची झीज रोजच्या जेवणातून भरून निघते असे मानू. मग ६०० मिलिग्रॅमसाठी १२० गोळ्या लागतात, म्हणजे एकही दिवस न चुकवता चार महिने. आठवड्याला तीनच गोळ्या पोटात गेल्या, तर हाच काळ नऊ महिन्यांच्या पुढे जातो. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी सांगितली आहे, त्यामागचे कारण या हिशेबात दिसते.

आता हीच आई बाळ चार महिन्यांचे असताना पुन्हा गरोदर राहिली असे समजा. तिने दहा आठवडे नेमाने गोळ्या घेतल्या आहेत, म्हणजे सुमारे ३५० मिलिग्रॅम लोह मिळाले. शरीर आधी रक्त भरते, त्यामुळे तिचे हिमोग्लोबिन १२ च्या जवळ पोहोचले असेल आणि अहवाल पाहून सगळ्यांना बरे वाटेल. पण साठ्यात जेमतेम ५० मिलिग्रॅम आहेत आणि समोर १००० मिलिग्रॅमचा नवा खर्च उभा आहे. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळाची मागणी वाढताच हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते, आणि "आत्ताच तर चांगले होते, अचानक कसे कमी झाले?" असा प्रश्न पडतो. म्हणूनच हिमोग्लोबिन १२ झाल्यावर गोळ्या थांबवू नयेत. त्यानंतर किमान तीन महिने चालू ठेवाव्यात.

तिचे हिमोग्लोबिन आधीच कमी असल्याने डॉक्टर सुरुवातीला दिवसाला दोन गोळ्या लिहून देऊ शकतात. स्वतःच्या मनाने मात्र दुप्पट घेऊ नये. एका गोळीनंतर शरीर पुढचे काही तास लोह कमी शोषते, त्यामुळे मात्रा दुप्पट केली तरी फायदा दुप्पट होत नाही आणि पोटाचा त्रास वाढतो.

गोळी घेताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. चहा, कॉफी आणि दूध यांच्या आगेमागे किमान एक-दोन तास ती घेऊ नये. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, निदान दोन तासांच्या अंतराने घ्यावी. दोन्ही एकदम गिळल्याने लोहाचे शोषण घटते. आणि गोळी लिंबूपाण्यासोबत किंवा आवळ्यासोबत घेतली तर चांगले. शौचाला काळे होणे अपेक्षित आहे, त्याने घाबरू नये. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. शोषण थोडे कमी होते, पण गोळी सोडून देण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते साधारण एकने वाढलेले असायला हवे. वाढले नसेल तर आधी गोळ्या खरोखर किती घेतल्या ते पाहावे आणि जंताचे औषध झाले आहे का ते विचारावे. नेमाने घेऊनही हलत नसेल तर कारण लोहाबाहेरचे असू शकते. पेशी आकाराने लहान पण फेरिटिन चांगले असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असणे संभवते, आणि नंदुरबार, गडचिरोली अशा आदिवासी भागांतील कुटुंबांत सिकलसेलची तपासणी केलीच पाहिजे. पेशी मोठ्या असतील तर ब-१२ किंवा फोलेट कमी असावे. रक्तक्षय तीव्र असेल किंवा गोळ्या सोसत नसतील तर डॉक्टर शिरेतून लोह देतात.

चौथी पायरी: ताट

बाळंतिणीच्या आहाराची आपल्याकडे चांगली परंपरा आहे: आळीव, डिंकाचे लाडू, खारीक, बाजरीची भाकरी, मेथी. अडचण येते ती सव्वा महिन्यानंतर, जेव्हा लाडू संपतात, माहेरची आई परत जाते आणि सून सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवू लागते. दुधासाठी लागणारी जादा ऊर्जा मात्र तशीच राहते. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणजे अंदाजे एक पूर्ण जादा जेवण. ते दुपारी चारच्या सुमारास वेगळे ठेवावे: भाकरी, मटकीची उसळ, त्यावर लिंबू, जमल्यास अंडे किंवा वाटीभर दही.

भाजी-डाळींतले लोह शरीर थोडेच शोषते, म्हणून त्याच घासात क जीवनसत्त्व असणे महत्त्वाचे. मोड आणल्याने आणि आंबवल्यानेही शोषण सुधारते. बाळाला सर्दी होईल म्हणून आईला पेरू, संत्री, लिंबू वर्ज्य करण्याची काही घरांतली पद्धत नेमकी इथे नुकसान करते. केवळ आहारावर वर हिशेबलेली ६०० मिलिग्रॅमची तूट चार-सहा महिन्यांत भरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ताटाने रोजची झीज भरते, गोळीने तूट भरते.

पाचवी पायरी: साठा भरेपर्यंत गर्भ राहू न देणे

"पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत" या भरवशावर बरीचशी अनपेक्षित गर्भारपणे राहतात. पाजण्यामुळे संरक्षण मिळते, पण त्यासाठी तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, ते रात्रंदिवस केवळ अंगावरच्या दुधावर असावे आणि पाळी एकदाही आलेली नसावी. अशा वेळी संरक्षण सुमारे ९८ टक्के असते. वरचे दूध सुरू झाले, बाळ रात्रभर झोपू लागले, आई कामावर रुजू झाली की ते संपले असे धरावे. बीज पहिल्या पाळीच्या आधी सुटते, म्हणून पाळीची वाट पाहणे धोक्याचे आहे. अंगावर न पाजणाऱ्या आईला तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासूनच काळजी घ्यावी लागते.

तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते, दुधावर तिचा परिणाम होत नाही आणि काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. शासकीय केंद्रांत मिळणारी छाया ही गोळी संप्रेरकविरहित असून पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. अंतरा हे इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी देतात. ते थांबवल्यावर गर्भ राहायला कित्येक महिने लागू शकतात, हे नियोजन करताना लक्षात घ्यावे. नेहमीच्या दोन संप्रेरकांच्या गोळ्या पाजत असताना पहिले सहा महिने टाळतात.

सिझर झालेल्या आईसाठी या पायरीला आणखी एक कारण आहे. गर्भाशयावरचा व्रण पक्का व्हायला वेळ लागतो. दोन प्रसूतींमधले अंतर दीड वर्षाहून कमी असताना नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केल्यास व्रण उसवण्याचा धोका लक्षणीय वाढतो. दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीची इच्छा असेल तर अंतर ठेवणे हाच तिचा पहिला भाग आहे.

पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला दोन वर्षे थांबणे परवडेलच असे नाही, कारण वयाबरोबर गर्भ राहण्याची शक्यता घटते. अशा वेळी वर्ष-दीड वर्षाचे अंतर डॉक्टरांशी बोलून ठरवणे योग्य. पण मग साठा भरण्याचे काम सहाव्या आठवड्यापासून काटेकोर करावे लागते.

सहावी पायरी: प्रयत्न सुरू करण्यापूर्वी

ठरवलेल्या महिन्याच्या तीन महिने आधी रक्ततपासणी पुन्हा करावी. हिमोग्लोबिन १२ च्या वर, फेरिटिन किमान ३० आणि ब-१२ योग्य पातळीत असावे. त्याच वेळी ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल रोज सुरू करावे आणि गर्भ राहिल्यावर १२ आठवड्यांपर्यंत घ्यावे. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल तर मात्रा कित्येक पटींनी जास्त लागते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

आणि दिवस आधीच गेले असतील तर

कमी अंतराची बहुतेक गर्भारपणे नीट पार पडतात. ठेवायचे की नाही हा निर्णय स्त्रीचा आहे. कायद्याच्या अटींत गर्भपाताची सोय उपलब्ध आहे आणि निर्णय जितका लवकर तितका सुरक्षित. ठेवायचे ठरल्यास फोलिक आम्ल त्याच दिवशी सुरू करावे आणि १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करावी. मागील पाळीची तारीखच नसल्याने पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी इथे अत्यावश्यक ठरते. ती चुकली तर पुढे बाळ लहान आहे की दिवसच कमी भरले आहेत, हे ठरवता येत नाही, आणि या गर्भारपणात नेमका तोच प्रश्न उभा राहण्याची शक्यता असते.

नोंदणीच्या वेळी आधीच्या बाळाची जन्मतारीख आणि प्रसूतीचा प्रकार स्वतःहून सांगावा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही मागावे, कारण वर पाहिल्याप्रमाणे पहिला आकडा फसवा असू शकतो. शिरेतून लोह द्यायची वेळ आली तर ते पहिल्या तिमाहीनंतरच देतात; हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर उपचार मोठ्या रुग्णालयात व्हावेत.

पहिल्या बाळाचे दूध दिवस गेल्याच्या दिवशीच तोडण्याची गरज नसते. पूर्वी अकाली प्रसूती झाली असेल, रक्तस्राव होत असेल किंवा पोटात कळा येत असतील तर डॉक्टर पाजणे थांबवायला सांगतात. एरवी ते चालू राहू शकते. गर्भारपण मध्यावर येईपर्यंत दूध आपोआप कमी होते, म्हणून अंगावरच्या बाळाचे वजन अंगणवाडीत दर महिन्याला करून घ्यावे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल आणि वजनाची रेघ सपाट होऊ लागली, तर वरचे दूध कोणते आणि किती द्यायचे हे बालरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात विचारावे.